शेरूची फिट आणि 1 मिनिट 50 सेकंदांचा व्हिडिओ

माझ्या उजव्या अंगठ्यावर दोन छोटे व्रण आहेत. कुणी विचारलं की मी सांगते, 'कुत्रा चावला.' पण खरं सांगायचं तर शेरू मला चावलाच नव्हता. त्याचा जबडा बंद झाला आणि माझा अंगठा मध्ये होता, एवढंच. तो तिथं नसायलाच हवा होता.

तर झालं असं. गेल्या वर्षी फेब्रुवारीत सबमिशनचा ढीग घेऊन मी मैत्रिणीच्या वस्तीवर राहायला गेले होते. बारामती-इंदापूर रस्त्यावर बेलवडीच्या अलीकडं त्यांचं घर, मागं ऊस. त्या आठवड्यात लाईट रात्रीची, त्यामुळं काका दारं धरायला रानात गेलेले. पहाटे पावणेचारच्या सुमाराला पडवीत पत्र्याची बादली धाडकन पडली. आम्ही दोघी मोबाईलचा टॉर्च लावून बाहेर आलो, तर शेरू जमिनीवर आडवा. तीन वर्षांचा, धडधाकट, तांबूस रंगाचा गावठी कुत्रा. चारही पाय काठीसारखे ताठ, मान मागं ताणलेली, डोळे सताड उघडे. हाक मारली तर कानसुद्धा हलेना. मग पाय जोरजोरात चालायला लागले, जणू पडल्या पडल्या तो पळतोय. दातांवर दात आपटत होते, तोंडातून फेस येत होता, खाली लघवी झाली होती.

आता आम्ही काय केलं ते ऐका. आजी म्हणाली, 'आकडी आलीय, कांदा फोडा, हुंगवा.' शेजारचा दादा चप्पल घेऊन आला. काकूंनी तोंडावर पाण्याचा तांब्या ओतला. आणि मी, मास कम्युनिकेशनची सुशिक्षित विद्यार्थिनी, मी ठरवलं की याची जीभ घशात जाईल, म्हणून चमचा आणि बोटं घेऊन त्याचं तोंड उघडायला बसले. पुढचं तुम्हाला माहीत आहे.

त्या रात्री कामाची गोष्ट फक्त एक झाली, तीही चुकून. मैत्रिणीनं टॉर्च लावताना गडबडीत व्हिडिओ सुरू केला होता. नंतर आम्ही सगळे शपथेवर सांगत होतो की दहा मिनिटं तरी झटके चालले होते. व्हिडिओ म्हणाला, 1 मिनिट 50 सेकंद.

साप, चक्कर की फिट?

काका रानातून धावत आले आणि पहिला शब्द बोलले, 'मण्यार.' उसाच्या पट्ट्यात राहणाऱ्या माणसाच्या मनात पहिला संशय हाच येणार. पण मण्यारचं विष सहसा उलटं काम करतं. अंग ढिलं पडत जातं, पापण्या मिटायला लागतात, पाय लटपटतात, श्वास मंद होतो. शेरू ढिला नव्हता, ताठ होता. सकाळी बारामतीत पशुवैद्यांना तो व्हिडिओ दाखवला. त्यांनी तो अर्धासुद्धा पाहिला नाही आणि म्हणाले, ही फिट आहे. पुढचे प्रश्न ती का आली याचे होते.

मेंदूतल्या पेशी एकमेकींना विजेचे छोटे छोटे संदेश देत असतात. एरवी हे काम आळीपाळीनं, शिस्तीत चालतं. फिटमध्ये खूप साऱ्या पेशी एकाच वेळी संदेश सोडायला लागतात आणि स्नायूंना एकदम हुकूम जातो. त्यामुळं आधी ताठरपणा, मग झटके. कुत्रा या काळात शुद्धीवर नसतो. त्याला तुम्ही दिसत नाही, त्याला वेदना होत असल्यासारखं आपल्याला वाटतं तेही त्याच्या जाणिवेपर्यंत पोचत नाही. म्हणूनच कांद्याचा, चपलेचा वास काही करत नाही. फिट आपली आपण थांबते. बहुतेक वेळा दोन मिनिटांच्या आत. नेमकी तेव्हाच आपण चप्पल पुढं केलेली असते, म्हणून श्रेय चपलेला मिळतं.

सगळ्या फिट इतक्या नाट्यमय नसतात, आणि इथं फसायला होतं. काही कुत्र्यांचा फक्त एकच पाय झटकत राहतो, किंवा चेहऱ्याची एक बाजू फडफडते. काही जण समोर माशी नसताना हवेत माशी पकडल्यासारखं तोंड मारत राहतात. अशा वेळी कुत्रा उभाही असू शकतो. दरवेळी तेच, त्याच प्रकारे, आणि हाक मारून थांबत नसेल तर मनात फिटचा विचार यायला हवा.

फिटसारखं दिसणारं पण फिट नसलेलं सुद्धा असतं. झोपेत पाय हलवणारा, बारीक भुंकणारा कुत्रा स्वप्न बघत असतो. नावानं हाक मारा, तो जागा होऊन तुमच्याकडं बघेल. फिटमधला कुत्रा बघणार नाही. चक्कर हा दुसरा प्रकार. बॉलमागं पळताना किंवा खूप उत्तेजित झाल्यावर कुत्रा एकदम कोसळतो, अंग मऊ पडलेलं असतं आणि काही सेकंदांत उठून जणू काही झालंच नाही असा चालायला लागतो. तिथं संशय हृदयाचा घ्यायचा. फिट मात्र पुष्कळदा आराम करताना, झोपेत किंवा पहाटे येते, आणि ती संपल्यावर कुत्रा लगेच ताळ्यावर येत नाही. हा 'नंतरचा गोंधळ' डॉक्टरांच्या दृष्टीनं फार मोठा पुरावा असतो. त्याच्याबद्दल पुढं सांगतेच.

कॅम्पसमधल्या, हॉस्टेलच्या गेटवरच्या पिल्लांबद्दल एक गोष्ट इथंच सांगून टाकते. लस न दिलेल्या पिल्लाला ताप, डोळ्या-नाकातून चिकट पाणी, आणि तोंड सतत काहीतरी चघळल्यासारखं हलतंय, असं दिसलं तर तो डिस्टेंपर असू शकतो. हा विषाणूचा आजार आहे, तो मेंदूपर्यंत जातो आणि इतर कुत्र्यांना लागतो. त्या पिल्लाला बाकीच्यांपासून वेगळं ठेवा आणि डॉक्टरांना दाखवा.

घड्याळ आधी, कुत्रा नंतर

समजा आत्ता, तुमच्या समोर, कुत्र्याला फिट आली. सगळ्यात पहिलं काम म्हणजे वेळ बघणं. हे ऐकायला निर्दयी वाटतं, पण पुढचे सगळे निर्णय त्या आकड्यावर अवलंबून आहेत. मोबाईलवर व्हिडिओ सुरू केलात तर वेळेची नोंद आपोआप होते आणि डॉक्टरांसाठी पुरावाही तयार होतो. व्हिडिओ पूर्ण शरीराचा घ्या, फक्त तोंडाचा नको. कोणती बाजू जास्त हलतेय, डोळे कसे आहेत, हाक मारल्यावर काही प्रतिसाद आहे का, हे त्यात आलं पाहिजे. मध्ये एकदा स्पष्ट आवाजात त्याचं नाव घ्या, म्हणजे तोही पुरावा होईल.

दुसरं काम जागेचं. कुत्र्याला हलवायचं नाही, आजूबाजूच्या वस्तू हलवायच्या. बादली, खुर्ची, मोटारसायकल बाजूला घ्या. डोक्याखाली किंवा डोक्याशेजारी गोणपाट, दुपट्टा, सॅक, काहीही मऊ सरकवा, तेही पाठीच्या बाजूनं, तोंडाकडून नाही. अपवाद एकच. तो जिन्याच्या तोंडाशी, रस्त्यावर, विहिरीच्या किंवा शेततळ्याच्या काठावर असेल तर मागचे पाय किंवा कंबर धरून किंवा चादरीवर ओढून त्याला आत घ्या. शेततळ्याचा प्लॅस्टिकचा कागद किती निसरडा असतो हे आमच्याकडच्या मुलांना वेगळं सांगायला नको. फिट आलेला कुत्रा त्यात घसरला तर वर येऊ शकत नाही.

मग लाईट मंद करा, टीव्ही बंद करा, गर्दी हटवा. घरात दुसरा कुत्रा असेल तर त्याला बांधा किंवा खोलीत कोंडा. झटके देणाऱ्या कुत्र्यावर दुसरे कुत्रे कधीकधी हल्ला करतात.

आणि तोंड. कुत्रा जीभ गिळत नाही. ती जागच्या जागी असते, फार तर दाताखाली येऊन थोडं रक्त येईल. चमचा घातलात तर दात तुटेल, बोट घातलंत तर बोट जाईल. पाणी ओतलंत तर ते सरळ फुप्फुसात जाऊ शकतं, कारण तेव्हा त्याला गिळता येत नाही. म्हणजे काकूंचा तो तांब्या माझ्या चमच्याहून जास्त धोक्याचा होता. दूध, मीठ-पाणी, ग्लुकोज, गोळी, यातलं काहीही तोंडावाटे द्यायचं नाही. शेजारच्या आजोबांच्या फिटच्या गोळ्या तर मुळीच नाहीत. पाय घट्ट दाबून झटके थांबवण्याचा प्रयत्नही करू नका, त्यानं मेंदूतलं काही थांबत नाही.

आता तो आकडा. पाच मिनिटं. फिट पाच मिनिटांच्या पुढं गेली तर ती आपण होऊन थांबेल याची शाश्वती कमी होत जाते. स्नायू सतत काम करत असल्यानं अंग तापतं. कुत्र्याचं नेहमीचं तापमान साधारण 101 ते 102.5 फॅरनहाइट असतं. लांबलेल्या फिटमध्ये ते 106 च्या वर जाऊ शकतं आणि मग मेंदूला आणि बाकी अवयवांना इजा होते. एप्रिलमध्ये आपल्याकडं दुपारी पत्र्याखाली काय हाल असतात ते तुम्हाला ठाऊक आहेच. त्यामुळं फिट लांबतेय असं दिसलं की पंखा लावा, पोटावर आणि पायांच्या तळव्यांवर साधं पाणी लावा. बर्फ नको.

पाच मिनिटांची वाट बघत बसायची नाही, हे मात्र लक्षात घ्या. बारामती शहरात असाल तर दवाखाना जवळ आहे, पण वस्तीवरून गाडी काढायला, माणूस उठवायला, पोचायला अर्धा तास सहज जातो. म्हणून दुसरं मिनिट संपलं आणि झटके चालूच असले की एकानं डॉक्टरांना फोन लावायचा, दुसऱ्यानं गाडी दारात आणायची. थांबली तर उत्तमच, गाडी परत लावता येते. रात्री उघडा असणारा दवाखाना कोणता, हे रात्री शोधायचं नसतं. नंबर आजच सेव्ह करा. शासकीय फिरत्या पशुवैद्यकीय पथकासाठी 1962 हा टोल फ्री नंबर आहे, पण तो मुख्यतः गाई-म्हशींसाठी, त्यामुळं फक्त त्याच्या भरवशावर राहू नका.

दुसरा आकडा आहे दोन. चोवीस तासांत दोन किंवा जास्त फिट आल्या तर त्या प्रत्येकी एकाच मिनिटाच्या असल्या तरी तातडीनं दवाखाना गाठायचा. दोन फिटच्या मध्ये कुत्रा शुद्धीवर आलाच नाही तर ती एकच लांब फिट समजायची. आणि आयुष्यातली पहिली फिट असेल, पिल्लू असेल, किंवा पिल्लांना पाजणारी कुत्री असेल तर आकडे बघू नका, दाखवाच. पाजणाऱ्या कुत्रीच्या रक्तातलं कॅल्शियम घसरून झटके येतात. ते वेळेत सलाईनमधून दिलं तर ती उठून बसते, नाहीतर जीव जातो.

भिंतीला धडकणारा शेरू

झटके थांबले तेव्हा आम्हाला वाटलं, संपलं. खरं तर त्यानंतरचा पाऊण तास जास्त विचित्र होता. शेरू धडपडत उठला आणि भिंतीच्या कडेकडेनं चालायला लागला. पाण्याच्या सिमेंटच्या टाकीला धडकला, वळला, परत तिलाच धडकला. ज्या काकांच्या मागं तो दिवसभर असतो त्यांच्यावर गुरगुरला. काकू रडायला लागल्या, म्हणाल्या, 'आंधळा झाला की गं हा.'

फिटनंतर तात्पुरतं न दिसणं, घरातली माणसं न ओळखणं, एकसारखं फिरणं, अचानक प्रचंड भूक किंवा तहान लागणं, हे सगळं होतं. मेंदू पुन्हा जागेवर येत असतो. काही कुत्री दहा मिनिटांत सावरतात, काहींना दिवस, क्वचित त्याहून जास्त लागतो. या काळात तो चावू शकतो, आणि तेव्हा त्याचा तुमच्यावर राग नसतो, तुम्ही कोण हेच त्याला कळत नसतं. म्हणून मिठी मारायला धावू नका. दार लावून घ्या, जिना आणि रस्ता बंद करा, लहान मुलांना लांब ठेवा, आणि थोड्या अंतरावर बसून हळू आवाजात बोलत राहा. नीट उभा राहायला लागला की थोडंसं पाणी द्या. पाणी नीट गिळतोय असं दिसलं की मग थोडं खाणं. शेरू भाकरीचा अख्खा वाडगा मागत होता, पण लगेच दिलं असतं तर ठसका लागायची भीती होती.

माझ्या अंगठ्याचंही सांगते, कारण ते विसरलं जातं. साबण आणि नळाचं वाहतं पाणी, पूर्ण पंधरा मिनिटं. हळद, चुना, तिखट काही नाही. मग त्याच सकाळी दवाखाना. शेरूला रेबीजची लस दिलेली होती, तरी डॉक्टरांनी माझ्या इंजेक्शनांचा कोर्स सुरू केला आणि मी तो पूर्ण केला. रस्त्यावरच्या अनोळखी कुत्र्याला झटके येत असतील, त्याच्या वागण्यात दोन-चार दिवसांत बदल झाला असेल, गिळता येत नसेल, लाळ गळत असेल, तर त्याला हात लावायचाच नाही. रेबीजमध्येही झटके येतात. गाड्या थांबवा, लोकांना लांब ठेवा आणि पशुवैद्यकांना किंवा नगरपरिषदेला कळवा. एवढी मदत पुरेशी आहे.

डॉक्टरांचे प्रश्न

दवाखान्यात आम्हाला वाटलं होतं इंजेक्शन देतील आणि पाठवतील. पण डॉक्टर प्रश्नच विचारत राहिले. काल काय खाल्लं? रानात फवारणी झाली का? उंदराचं औषध ठेवलंय का? गोचीड घालवायला अंगाला काही लावलं का? डोक्याला मार? लस कधी?

फवारणीचा प्रश्न आपल्या भागात सगळ्यात महत्त्वाचा. एका बाजूला ऊस, दुसरीकडं द्राक्षं आणि डाळिंब. काही कीटकनाशकं कुत्र्याच्या पोटात गेली की झटके येतात, पण ते एकटे येत नाहीत. लाळेची धार लागते, डोळ्यांतून पाणी येतं, बाहुल्या टाचणीएवढ्या होतात, पातळ जुलाब होतात, अंगावरचे स्नायू थरथरत राहतात. आणि साध्या फिटसारखं दोन मिनिटांत थांबून मधल्या वेळेत कुत्रा ठीक होत नाही. असा संशय आला तर उलटी करवण्याच्या फंदात पडू नका. बाटलीच्या किंवा पुडीच्या लेबलचा फोटो काढा आणि निघा, कारण उतारा कोणता द्यायचा हे आतल्या घटकावर ठरतं. हॉस्टेलवाल्यांनो, तुमच्यासाठी वेगळं विष आहे. काही शुगरफ्री च्युइंगममध्ये झायलिटॉल नावाचा गोड पदार्थ असतो. आपल्याला काही होत नाही, पण कुत्र्याच्या रक्तातली साखर तो धाडकन खाली आणतो आणि झटके येऊ शकतात.

शेरूच्या रक्ताची तपासणी झाली. साखर, कॅल्शियम, यकृत, मूत्रपिंड, सगळं ठीक. दोन फिटच्या मधल्या काळात तो अगदी नेहमीसारखा होता. सहा महिने ते सहा वर्षं या वयात पहिली फिट आली आणि बाकी सगळं नॉर्मल असेल, तर बहुतेकदा निदान होतं ते मूळ अपस्माराचं, म्हणजे दुसरं कारण न सापडणारी, अनेकदा आनुवंशिक असणारी मिरगी. कुत्रा म्हातारा असेल किंवा फिटच्या मधल्या काळातही तोल जात असेल तर मेंदूतला दुसरा आजार शोधावा लागतो. त्याला एमआरआयसारख्या तपासण्या लागतात, आणि त्या गावात होत नाहीत. अशा केससाठी आपल्याला शिरवळचं क्रांतिसिंह नाना पाटील पशुवैद्यक महाविद्यालय किंवा परळचं मुंबई पशुवैद्यकीय महाविद्यालय इथल्या डॉक्टरांचा सल्ला घेता येतो.

एका फिटवर डॉक्टरांनी गोळी सुरू केली नाही. त्यांनी वही सुरू करायला सांगितली. तारीख, वेळ, किती सेकंद, आधी काय करत होता, नंतर किती वेळानं माणसं ओळखली, त्या दिवशी नवीन काय खाल्लं. मैत्रिणीनं शंभरपानी वही घेतली आणि पडवीत खिळ्याला टांगली. 16 फेब्रुवारी, 1 मिनिट 50 सेकंद. 22 मार्च, 1 मिनिट 20 सेकंद. दुसऱ्या वेळी एक नवीन गोष्ट लिहिली गेली: फिटच्या आधी दहा मिनिटं शेरू आजीच्या पायाला चिकटून बसला होता आणि उठत नव्हता. अशी पूर्वसूचना काही कुत्री देतात. 19 एप्रिलला एका रात्रीत दोन आल्या. तेव्हा गोळी सुरू झाली.

गोळीचं नाव फेनोबार्बिटोन. ती दर बारा तासांनी, रोज, बहुधा आयुष्यभर. डोस वजनावर ठरतो आणि तो मी इथं मुद्दाम लिहीत नाही. चिठ्ठीशिवाय ती मिळतही नाही. पहिले दोन आठवडे शेरू दारू प्यायल्यासारखा चालायचा, सारखा झोपायचा, सारखं खायला मागायचा. काकूंना वाटलं औषधानं कुत्रं बिघडवलं. पण शरीराला सवय झाल्यावर ते कमी झालं. रक्तात औषधाची पातळी स्थिर व्हायला साधारण दोन आठवडे लागतात, मग ती मोजायची, आणि यकृतावर ताण येऊ शकतो म्हणून अधूनमधून त्याचीही तपासणी. याशिवाय फिट लांबली तर घरीच गुदद्वारातून द्यायचं एक औषध डॉक्टरांनी मोजून, शिकवून दिलं. तुमच्या कुत्र्याला वारंवार फिट येत असतील आणि दवाखाना लांब असेल तर हे डॉक्टरांकडं नक्की मागा.

मे महिना स्वच्छ गेला. वहीत एकही नोंद नाही. मग आली तुकोबांची पालखी.

सणसरला मुक्काम, दुसऱ्या दिवशी बेलवडीचं गोल रिंगण, मग निमगाव केतकी. वस्तीवर दोन दिवस चूल विझली नाही. वारकऱ्यांचा चहा, पिठलं-भाकरी, अंगणात शंभर माणसं. मुक्कामाच्या संध्याकाळची गोळी राहिली. रिंगणाच्या सकाळची राहिली. काकांना वाटलं काकूंनी दिली, काकूंना वाटलं पोरीनं दिली. रात्रीचीही राहिली. तीन डोस.

तिसऱ्या दिवशी पहाटे 5 वाजून 10 मिनिटांनी पहिली फिट. 6.40 ला दुसरी. हे औषध अचानक तुटलं की मेंदूवरचा दाब एकदम सुटतो आणि आधी कधी नव्हत्या इतक्या जोरानं फिट येऊ शकतात. म्हणूनच 'आता महिना झाला, बरा झालाय' म्हणून गोळी स्वतः बंद करायची नसते, कमी करायची तरी डॉक्टरांच्या सांगण्यावरून, आठवड्या-महिन्यांच्या टप्प्यांनी. आणि चुकलेले डोस एकदम भरून काढायचे नसतात, फोन करून विचारायचं असतं.

या वेळी मात्र त्या पडवीत कांदा फुटला नाही. मैत्रिणीनं दुसऱ्या फिटला डॉक्टरांनी दिलेलं औषध दिलं, काकांनी शेजारची ओम्नी आणली. वारी पुढं गेली होती, बारामतीकडचा रस्ता मोकळा होता. शेरूला चादरीवर घेऊन सीटवर नाही, खाली ठेवलं, खिडक्या उघड्या. तिसरी फिट गाडीत भवानीनगरपाशी सुरू झाली. मैत्रीण मला नंतर म्हणाली, 'सगळ्यात अवघड होतं काही न करणं. नुसतं घड्याळ बघत बसले.' चार मिनिटं उलटली तरी ती चालूच होती. दवाखान्याच्या दारात पोचल्यावर डॉक्टरांनी शिरेतून इंजेक्शन दिलं तेव्हा थांबली. संध्याकाळपर्यंत सलाईन आणि निगराणी. रात्री तो घरी आला आणि दोन दिवस झोपून होता.

आता गोळी सकाळी सातला आणि संध्याकाळी सातला, अलार्म दोन फोनवर, आणि देणाऱ्यानं वहीत टिक करायची. टिक नसेल तर दिली नाही असं धरून गडबडीत दुसरी द्यायची नाही, आधी विचारायचं. फिट पूर्ण बंद झालेल्या नाहीत. डॉक्टरांनी आधीच सांगितलं होतं की अनेक कुत्र्यांत त्या बंद होत नाहीत, कमी होतात, लहान होतात, आणि तेवढं झालं तरी कुत्रा छान जगतो. शेरू ऊसतोडीच्या टोळीवर पुन्हा भुंकायला लागलाय. शेततळ्याच्या बाजूला काकांनी तारेचं कुंपण घातलंय.

वहीतली शेवटची फिट 9 नोव्हेंबरची आहे. 'पहाटे 4.20. एक मिनिट पंधरा शेकंद. पडवीत. पाणी वतलं न्हाई. अर्ध्या तासानं वळखलं.' अक्षर आजीचं आहे.